होल्डवरचं बिल

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा शनिवार, घराजवळचं किराणा दुकान, आणि एकुलत्या एका काउंटरसमोर पंधरा माणसांची रांग. माझ्या पुढच्या काकांचं बिल जवळजवळ झालं होतं. पडद्यावर 1,834 रुपये दिसत होते आणि नेमकं तेव्हाच काकांना उटणं आठवलं. काउंटरवरचा मुलगा चटपटीत होता. म्हणाला, "काका, तुम्ही घेऊन या निवांत, मी बिल होल्ड करतो." एक बटण दाबलं, काकांचं बिल पडद्यावरून गेलं, आणि माझं सुरू झालं.

मी पिशवी भरत होतो तोवर काका 45 रुपयांचं उटणं घेऊन आले. मुलाने त्यांचं बिल परत बोलावलं, उटणं मारलं आणि म्हणाला, "1,939."

काका हिशोब तोंडी करणाऱ्या पिढीतले. "अरे, 1,834 आणि 45 म्हणजे 1,879 होतात. वरचे साठ कसले?"

"कॉम्प्युटरनेच काढलंय काका."

गल्ल्यावरून मालक ओरडले, "तूच काहीतरी दोनदा मारलं असशील! बघ नीट." मुलाने लाल चेहऱ्याने सगळ्या वस्तू पुन्हा मोजल्या. एकही वस्तू दोनदा मारलेली नव्हती. सगळ्या वस्तू बरोबर, नग बरोबर, आणि साठ रुपये जास्त. रांगेत कुजबुज सुरू झाली.

आता माझी पंचाईत अशी, की पोटापाण्यासाठी मी असलीच सॉफ्टवेअरं लिहितो. (हे माझं नव्हतं, शप्पथ.) ते साठ रुपये कुठून आले असतील याचा मला अंदाज आला होता. पण ते पुढे सांगतो, कारण या साठ रुपयांची वंशावळ बरीच जुनी आहे आणि मंडळी, ती सुरू होते एका दारूच्या दुकानात.

अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स रिटी नावाच्या गृहस्थांचा सलून, म्हणजे आपल्या भाषेत गुत्ता होता. धंदा चांगला पण हातात पैसे राहीनात, कारण नोकर घेतलेले पैसे परस्पर खिशात घालायचे. 1878 साली रिटी बोटीने युरोपला निघाले, आणि बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहून त्यांच्या डोक्यात आलं की विकलेले पेलेही असेच मोजता येतील. परत आल्यावर भावाच्या मदतीने त्यांनी यंत्र बनवलं आणि नोव्हेंबर 1879 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. यंत्राला नाव दिलं 'इनकरप्टिबल कॅशियर', म्हणजे भ्रष्ट न होणारा कॅशियर. पुढे 1884 मध्ये जॉन पॅटरसन यांनी हा धंदा विकत घेतला आणि त्याची 'नॅशनल कॅश रजिस्टर' अर्थात एनसीआर कंपनी झाली.

या यंत्रांचं तत्त्व सोपं होतं. रकमेचं बटण दाबलं की आकडा वर दिसायचा, आतल्या बेरजेत मिळवला जायचा, घंटा वाजायची आणि गल्ला उघडायचा. एकदा घंटा वाजली की सौदा झाला. 'थांब, उटणं राहिलं' याला त्यात जागाच नव्हती, आणि ही चूक नव्हती. नोकराला 'आत्ता अर्धवट ठेवतो, मग बघू' म्हणता आलं असतं तर रिटींच्या पैशांना पुन्हा तेच भोक पडलं असतं. अर्धवट बिल म्हणजे चोरीची संधी, म्हणून यंत्राला अर्धवट बिल माहीतच नको. एक पेला, एक सौदा अशा धंद्यात ते चालूनही गेलं.

हॉटेलात मात्र ते चालेना. हॉटेलातला पाहुणा म्हणजे चार-चार दिवस होल्डवर असलेलं बिलच की. रात्री खोलीचं भाडं, सकाळी कॉफी, दुपारी लाँड्री, आणि पैसे निघताना. त्यासाठी पोस्टिंग मशीन आली. एनसीआरचं क्लास 42 हे अमेरिकन हॉटेलांत खूप वापरलेलं यंत्र. त्याची युक्ती मला फार आवडते, कारण त्यात यंत्राने प्रत्येक पाहुण्याचं बिल लक्षात ठेवायचंच नाही. लक्षात ठेवायचं कागदाने.

प्रत्येक पाहुण्याचा एक कागद असायचा, फोलिओ. तो खोली क्रमांकाच्या खणात उभा. कॉफीची चिठ्ठी आली की कारकून तो कागद काढून यंत्रात घालायचा, कागदावर छापलेली आधीची बाकी वाचून स्वतः बटणांनी भरायचा, मग कॉफीची रक्कम, आणि यंत्र त्याच कागदावर नवी बाकी छापायचं. कागद परत खणात. आधीची बाकी उचलून यंत्रात भरण्याला 'पिक-अप' म्हणत. म्हणजे होल्ड म्हणजे कागद खणात ठेवणं, आणि रिकॉल म्हणजे पिक-अप.

आता यात काय बिघडेल? समजा बाकी 12.40 डॉलर होती. त्यात 1.25 ची कॉफी चढली, नवी बाकी 13.65. रात्री दुसरा कारकून आला, त्याने घाईत शेवटची ओळ न बघता तिच्या वरची बाकी उचलली, म्हणजे 12.40. त्यावर लाँड्रीचे 3 डॉलर चढवले, बाकी 15.40. कॉफीची ओळ कागदावर आहे, पण बाकीतून कॉफी गायब. याला 'पिक-अप एरर' असंच नाव होतं, आणि ती पकडायला रात्रपाळीचा ऑडिटर बसायचा. त्याचा ताळा असा: दिवसाच्या सुरुवातीला सगळ्या पाहुण्यांची मिळून जी बाकी होती, तीत दिवसभरात चढवलेल्या रकमा मिळवा, मिळालेले पैसे वजा करा. जे येईल ते आत्ता सगळ्या फोलिओंवर असलेल्या बाक्यांच्या बेरजेइतकं यायला हवं. सव्वा डॉलरचा फरक आला की बसा सगळे कागद तपासत.

डेटाबेसवाल्या वाचकांना इथे ओळखीचा वास आला असेल. दोघांनी जुनी नोंद वाचायची, दोघांनी आपापली भर घालायची, आणि नंतर लिहिणाऱ्याने आधीच्याची भर पुसायची. आपण त्याला 'लॉस्ट अपडेट' म्हणतो आणि काहीतरी आधुनिक शोधून काढल्यासारखा चेहरा करतो. :-)

हे आजही होतं. काउंटर 1 वर होल्ड केलेलं बिल काउंटर 2 आणि 3 वरच्या दोघांनी एकाच वेळी बोलावलं, तर एकाने घातलेलं उटणं दुसऱ्याच्या बिलात नसतं, किंवा एकाच सामानाची दोन बिलं फाटतात. उपाय हा की बिल आधी वाचायचं आणि मग त्यावर हक्क सांगायचा, असं करायचंच नाही. दोन्ही एकाच आज्ञेत:

```sql
UPDATE held_bills
SET status = 'RECALLED', counter_no = 3
WHERE hold_no = 17 AND status = 'HELD';
```

एक ओळ बदलली असं उत्तर आलं तर बिल तुमचं. शून्य आलं तर दुसऱ्या कोणीतरी उचललंय, आणि पडद्यावर 'हे बिल दुसऱ्या काउंटरवर उघडं आहे' एवढंच दाखवायचं. हॉटेलात हे काम त्या खणाने आपोआप केलं होतं. कागद एकच, तो एका वेळी एकाच्याच हातात असणार.

खरा होल्ड, म्हणजे यंत्राने स्वतःच्या पोटात अर्धवट बिलं सांभाळायची, याचं मला माहीत असलेलं एक सुरुवातीचं उदाहरण 1974 चं आहे. विल्यम ब्रोबेक यांच्या कंपनीने मॅकडोनाल्डसाठी एक कॅश रजिस्टर बनवलं, इंटेलच्या 8008 चिपवर. हे ब्रोबेक म्हणजे बर्कलीच्या प्रयोगशाळेत कणांना वेग देणारी अवाढव्य यंत्रं उभारणारे इंजिनियर. अणूंवरून थेट बर्गरवर! चिपची एकूण मेमरीची मर्यादा 16 किलोबाइट. आज आपण पाठवतो तो गुड मॉर्निंगचा फोटोही यात मावणार नाही.

या यंत्रात प्रत्येक पदार्थाला एक बटण होतं आणि गिऱ्हाइकाची अख्खी ऑर्डर दिसायची: दोन शेक, एक फ्राइज, तीन बिग मॅक. आणि एक 'ग्रिल' नावाचं बटण होतं. ते दाबलं की पहिली ऑर्डर चालू असतानाच दुसरी, तिसरी ऑर्डर घेता यायची. पैसे द्यायची वेळ आली की 'टोटल', तेव्हा करासकट बिल तयार. म्हणजे आपल्या काउंटरवरच्या मुलाने दाबलं ते बटण.

एका गोष्टीकडे लक्ष द्या. हॉटेलचा कारकून उचलायचा ती बाकी, एक आकडा. ब्रोबेकचं यंत्र ठेवायचं ते पदार्थ आणि नग. बेरीज आणि कर शेवटी, टोटल दाबल्यावर. एकदा हे केलं की पिक-अप एररला जागाच राहत नाही, कारण उचलायला जुनी बेरीज नाहीच.

पण अर्धवट बिल आता कागदावर नाही, मेमरीत आहे, आणि मेमरीतला एखादा बिट उलटला तर? त्यांनी महत्त्वाच्या माहितीच्या तीन-तीन प्रती ठेवल्या, आणि बरेचसे आकडे फक्त 3 च्या पटीत साठवले. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं थांबलो होतो. 7 साठवायचे तर 21 लिहायचे, बायनरीत 10101. यातला कुठलाही एक बिट उलटला तर आकडा 1, 2, 4, 8, 16 अशा कुठल्यातरी रकमेने वाढतो किंवा घटतो. यातल्या एकाही रकमेला 3 ने भाग जात नाही. म्हणून 21 चे 20, 23, 17, 29, 5 काहीही झाले तरी ते 3 च्या पटीत राहत नाहीत, आणि यंत्राला कळतं की ही प्रत नासली, दुसरी बघा. असे आठपर्यंत काउंटर एका संगणकाला जोडलेले आणि तसे दोन संगणक एकमेकांना जोडलेले. एक बंद पडला तर दुसरा सगळं दुकान चालवायचा. आणि इथे आमच्यासारखे लोक होल्डवरची बिलं नुसती काउंटरच्या मेमरीत ठेवतात आणि लाइट गेली की गिऱ्हाइकाला म्हणतात, "पुन्हा मारावं लागेल काका."

असो. त्याच वर्षी, 26 जून 1974 ला, त्याच ओहायोमधल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात बारकोडवर पहिली वस्तू विकली गेली, रिग्लीच्या च्युइंगमचं पाकीट, 67 सेंट. यंत्रं एनसीआरची. बारकोडने आपल्या विषयात एक नवी गंमत आणली. बारकोडमध्ये किंमत नसते. त्यात फक्त वस्तूचा क्रमांक असतो आणि किंमत दुकानाच्या संगणकातल्या यादीत. मॅकडोनाल्डात बिग मॅकची किंमत पाच मिनिटांत बदलणार नव्हती, म्हणून पदार्थ आणि नग ठेवणं पुरलं. पण यादीत किंमत बदलत असेल, तर होल्ड करताना वस्तूचा क्रमांक ठेवायचा की त्या क्षणाची किंमतही?

आणि आता काकांचे साठ रुपये.

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यापेक्षा जास्त किंमत घेणं बेकायदेशीर आहे. पण कंपनी किंमत वाढवते तेव्हा बारकोड बहुतेक वेळा तोच ठेवते. त्यामुळे फळीवर एकाच बारकोडची दोन पाकिटं असतात, जुन्या किमतीचं आणि नव्या. बिलिंगचं सॉफ्टवेअर अशा वेळी एक छोटी खिडकी उघडून विचारतं, कुठली एमआरपी? मुलगा पाकीट बघतो आणि निवडतो.

मी पुढे होऊन काकांची पिशवी बघू दिली का विचारलं. चहाची किलोची चार पाकिटं होती, प्रत्येकावर छापलेले 260. बिलात होते 275. चार गुणिले पंधरा, साठ. मुलाने पहिल्या वेळी खिडकीत 260 निवडले होते, अगदी बरोबर. होल्ड करताना सॉफ्टवेअरने बारकोड आणि नग जपले, पण ती निवड टाकून दिली. परत बोलावल्यावर त्याने पुन्हा न विचारता यादीतली सगळ्यात नवी किंमत लावली. मालकांनी पाकीट पाहिलं, बिल दुरुस्त केलं, काकांना सॉरी म्हणाले. मुलाला काही म्हणाले नाहीत.

या घटनेनंतर मी आमच्याकडे होल्डचा कोड उघडला आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: हा आकडा माणसाने ठरवला की यंत्राने काढला? निवडलेली एमआरपी माणसाने ठरवली. तराजूवर तोललेले 1.340 किलो तूरडाळही तशीच, ती पुन्हा कोण तोलणार. मालकांनी 'यांना वीस रुपये कमी कर' सांगितलं तेही. हे जसंच्या तसं जपायचं, कोणी ठरवलं त्याच्या नावासकट. उलट योजनेची सूट, कर आणि बेरीज यंत्राने काढलेली. ती होल्डमध्ये ठेवायचीच नाही, परत आल्यावर नव्याने काढायची.

सूट नव्याने का, ते एका साबणावरून कळेल. 40 रुपयांचा साबण, दोनवर एक फुकट. गिऱ्हाइकाने दोन घेतले, बिल होल्ड झालं, आणि ते तिसरा घेऊन आले. जुन्या ओळी सुटीसकट गोठवल्या असतील तर यंत्राच्या दृष्टीने तिसरा साबण एकटाच आहे, आणि बिल 120 होतं, 80 नाही. याची उलटी चूकही मी पाहिली आहे. तिन्ही साबण आधीच घेतलेले, होल्डने सुटीनंतरची किंमत जपली, म्हणजे एका साबणाचे 26.67. परत बोलावल्यावर तीच मूळ किंमत समजून यंत्राने पुन्हा एक फुकट दिला. बिल 53.34. गिऱ्हाईक गप्प, अर्थातच.

कर नव्याने का, याचा धडा 2025 मध्ये मिळाला. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या सोमवारी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 वर आली, पाकीटबंद पनीर 5 वरून शून्यावर. समजा रविवारी रात्री एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचं बिल होल्डवर राहिलं, "सकाळी नेतो, तेव्हाच पैसे." टूथपेस्ट दोन, प्रत्येकी 118. पनीर 105. पाकीटबंद बासमती 630, ज्याचा 5 टक्के दर बदलला नाही. एकूण 971, मालकांनी सांगितलेले वीस वजा, 951.

सोमवारी बिल फाटणार आणि पैसेही सोमवारीच येणार, म्हणून कायद्याप्रमाणे दर सोमवारचा. टूथपेस्टची कराआधीची किंमत 100, आता 105, दोनचे 210. पनीर 100. बासमती 630. एकूण 940, वीस वजा, 920. (ते वीस रुपये कराआधी सगळ्या ओळींवर वाटावे लागतात आणि त्याने पैशांत थोडा फरक पडतो. ती भानगड इथे सोडून देतो.) बेरीज जपणाऱ्या यंत्राने 951 मागितले असते. ओळी करासकट जपणाऱ्यानेही 951. पण इथे माझा वरचा नियमही थोडा अडखळतो. पाकिटावर छापलेली 118 ची एमआरपी माणसाने निवडलेली होती, मग ती जपायची की उतरवायची? आम्ही उतरवली. एमआरपी ही वरची मर्यादा आहे, तिच्या आत खाली जायला हरकत नसते. काकांच्या चहाला मात्र तिच्या वर जाता येत नव्हतं.

राहता राहिला बिलाचा क्रमांक. जीएसटीच्या बिलाला ओळीने क्रमांक लागतो. होल्ड करतानाच तो दिला आणि गिऱ्हाईक परत आलंच नाही, तर मालिकेत भोक पडतं आणि सीए विचारतात, 4,212 कुठे आहे? म्हणून होल्डला वेगळा टोकन क्रमांक, आणि खरा क्रमांक पैसे घेताना.

आणि जे परत येतच नाहीत त्यांचं काय? इथे आपण फिरून रिटींच्या गुत्त्यात येतो. माल मारायचा, गिऱ्हाइकाला पडद्यावरचा आकडा दाखवायचा, रोख घ्यायची, 'प्रिंटर बिघडलाय' म्हणायचं, बिल होल्ड करायचं आणि रात्री पुसून टाकायचं. बिल कधी झालंच नाही, गल्ल्याचा ताळाही जमतो. फक्त फळीवरचा माल कमी. म्हणून आमच्याकडे आता होल्डवरचं बिल पुसता येत नाही, रद्द करता येतं, आणि ते कारण आणि नाव लिहूनच. रात्री दिवस बंद करताना होल्डवर एक जरी बिल उरलं असेल तर यंत्र थांबून विचारतं की उद्यावर न्यायचं की रद्द.

पहिल्या आठवड्यात दुकानदारांचे फोन आले, रात्री दहाला हे काय नवीन. एका दुकानात दर रात्री चार-पाच बिलं निघायची, सगळी एकाच काउंटरची, सगळी रोखीची. मालकांनी मला कारण विचारलं नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या काउंटरवर ते स्वतः बसले होते.